घरात दीड वर्षाची पोर, एक मांजर आणि झुरळांचं पेस्ट कंट्रोल: आमच्याकडे काय काय झालं

रात्री दोन-अडीचला इरा दुधासाठी उठली म्हणून किचनमध्ये गेले, लाईट लावला तर ओट्यावर धुवून ठेवलेल्या तिच्या सिपरच्या नळीवर एक बारीक तपकिरी झुरळ मिशा हलवत बसलेलं. लाईट लागल्या लागल्या ते पळालं आणि त्याच्यासोबत अजून सात-आठ, सगळी शेगडीखाली. सिपर सरळ कचऱ्यात टाकला, दूध वाटी-चमच्यानं पाजलं, आणि मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

झुरळं आहेत हे माहीत होतं तसं. जूनपासून एखाददुसरं दिसायचं, पावसाळा आहे, येतातच, असं म्हणून मी सोडून देत होते. खरं कारण वेगळंच होतं, मला पेस्ट कंट्रोलची भीती बसलेली होती आणि त्याला कारण आमची मनी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाथर्डी फाट्याला भाड्यानं राहायचो, मनी तेव्हा दीड वर्षाची. मी चार दिवस माहेरी गेलेले आणि नवऱ्यानं कुणालातरी बोलावून पूर्ण घरात फवारणी करून घेतली. माणूस म्हणाला तासाभरात घरात या, काही होत नाही. याने मनीला तासाभरानं बाथरूममधून सोडलं, फरशी काही ठिकाणी अजून दमट होती, ती त्यावरून हिंडली आणि मग मांजरं करतात तसं पंजे चाटत बसली. संध्याकाळी तोंडातून लाळेची तार, कान फडफडायला लागले, पाठीची कातडी नुसती थरथरायची, आणि रात्री आठपर्यंत उभं राहता येईना. व्हेटकडे नेल्यावर त्यांनी आधी कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून तिला अख्खी धुतली, अंगावरचं औषध निघावं म्हणून, मग सलाईन आणि झटक्यांची इंजेक्शनं. दोन दिवस ठेवलं. वाचली.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कोरलं गेलंय. घरात फवारायची बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड नावाच्या गटातली असतात. माणसाचं आणि कुत्र्याचं लिव्हर ती पटापट मोडून बाहेर टाकतं, पण मांजराच्या लिव्हरमध्ये त्यासाठी लागणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच, त्यामुळे औषध अंगात साचत जातं. म्हणूनच कुत्र्याचं पिसवांचं परमेथ्रिनवालं औषध चुकूनही मांजराला लावायचं नाही. आणि वास नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, यातल्या बऱ्याच औषधांना वासच नसतो.

तर आता इंदिरानगरचा फ्लॅट, तिसरा मजला, टू बीएचके, आणि घरात दीड वर्षाची इरा जी दिवसातला निम्मा वेळ जमिनीवर असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. चपलेपासून मनीच्या खाण्यापर्यंत. म्हणजे एक फरशी चाटणारी आणि एक पंजे चाटणारी, दोघींची लेव्हल सेमच.

सकाळी चार ठिकाणी फोन केले. ठरवलंच होतं की तीनच प्रश्न विचारायचे, औषधाचं नाव काय, ते कुठे कुठे मारणार, आणि कृषी खात्याचं लायसन्स आहे का. पहिला म्हणाला, "मॅडम टेन्शन घेऊ नका, हर्बल आहे, लेकरं घरात असली तरी चालतं." मी म्हटलं नाव सांगा. "ते कंपनीचं सिक्रेट असतं." फोन ठेवला. दुसरा म्हणाला कडक औषध मारतो, दोन दिवस वास राहील पण एक झुरळ दिसणार नाही, आणि खूप खोदून विचारल्यावर बोलला, डीडीव्हीपी. तिसऱ्याने उचललाच नाही. चौथ्याकडून एक मुलगा बोलला, सातपूरचा, तो म्हणाला, "ताई, बारीक झुरळं असतील तर किचनमध्ये फवारणी करतच नाही मी, जेल लावतो, इमिडाक्लोप्रिड, लेबलचा फोटो पाठवू का?" आणि खरंच पाठवला, लायसन्सचा पण.

तो फोटो मी सासऱ्यांना पाठवला. अण्णांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, एक्स्पोर्टचा माल आहे, रेसिड्यू टेस्टमध्ये माल अडकू नये म्हणून हे लोक औषधाची पत्रिका आपण लग्नपत्रिका वाचतो त्याहून जास्त लक्ष देऊन वाचतात. डीडीव्हीपीचं सांगितल्यावर आधी भडकलेच, "अगं डायक्लोरव्हॉस ते, २०२० संपल्यापासून बंदी आहे त्याला, शेतात नाही चालत आणि हा तुझ्या घरात मारतोय!" मग इमिडाक्लोप्रिड वाचून एकदम निवांत. म्हणाले हे आपण बागेत उडद्या भुंगेऱ्यासाठी मारतो, तिथे १७.८ टक्क्यांचं असतं, याच्यात २.१५ टक्के दिसतंय. डब्यावरच्या त्रिकोणाचं पण त्यांनीच समजावलं, आपल्याकडे प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर तो असतोच, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. मला इतकी वर्षं तो डिझाईनचा भाग वाटायचा.

तो मुलगा त्याच दिवशी संध्याकाळी आला, पण औषध न घेता. नुसता टॉर्च आणि चिकट कागदाचे पाच ट्रॅप. आधी मला वाटलं हा टाईमपास करतोय, पण नंतर कळलं की खरं काम तेच. ट्रॉल्या बाहेर काढल्या, फ्रिज ओढला, मिक्सर उलटा केला, मिक्सरच्या बुडाच्या जाळीतून तीन निघाली, माझ्या अंगावर काटा. त्याने एक पकडून दाखवलं, मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा. म्हणाला, ही जर्मन झुरळं, गटारातून येत नाहीत, सामानाच्या खोक्यातून नाहीतर जुन्या मशीनमधून येतात आणि मग घरातच राहतात, गरम आणि ओलसर जागा शोधतात. मोठी लाल असतात ती वेगळी, ती ड्रेनेजची. दोघांचा इलाज वेगळा. हे आधी ओळखलं नाही तर किचनमधल्या झुरळांसाठी माणूस बाथरूम फवारून जातो आणि पैसे फुकट.

ट्रॅप सिंकखाली, फ्रिजच्या मागे, ट्रॉलीत, बाथरूममध्ये आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवले. हॉलच्या कोपऱ्यात का, तर तिथे इराची हायचेअर आणि मनीच्या वाट्या. तो ट्रॅप उघड्यावर होता आणि व्हायचं ते झालंच, अर्ध्या तासात मनीची शेपटी चिकटली, घरभर कागद घेऊन पळतेय, मागून इरा टाळ्या वाजवत. ओढायचं नाही, खोबरेल तेल चोळायचं, पाच मिनिटांत सुटतं. नंतर तेलकट मांजर सांभाळायचं ते वेगळं. मग तो ट्रॅप आम्ही उलट्या ठेवलेल्या क्रेटखाली सरकवला.

सकाळी मोजली. फ्रिजमागे ३८, सिंकखाली २३, ट्रॉलीत ११, बाथरूममध्ये १ आणि हॉलच्या कोपऱ्यात १७. एकूण ९०, आणि ही फक्त चिकटलेली. फ्रिजचं समजू शकते, कॉम्प्रेसर गरम असतो. पण हॉलमध्ये १७? फोटो पाठवल्यावर त्याचा फोन आला, "ताई, मांजराचं खाणं रात्रभर तिथंच असतं का?" असतंच ना, ड्राय फूड, ती रात्री उठून खाते. म्हणाला, मग माझं जेल कोण खाणार? जेल म्हणजे त्यांच्यासाठी खाऊच असतो, गोड-पिठूळ खाण्यात मिसळलेलं औषध, आणि बाजूला वाटीभर कॅटफूड असेल तर ती तेच खाणार. हायचेअरचं सीट काढायला सांगितलं. मी रोज पुसायचे हो ती खुर्ची, पण सीटच्या खालच्या खाचेत खिमटी, बिस्किटाचा चुरा, केळं, सगळं महिन्यांचं साचलेलं आणि त्यात त्यांची काळी मिऱ्याच्या भुग्यासारखी विष्ठा. हे बघून नवरा जेवला नाही त्या रात्री.

तर जेल लावायच्या आधी दोन दिवस फक्त सफाई. ही सफाई आधीच करायची असते कारण नंतर पुसलं तर जेल जातं. ट्रॉल्यांच्या पट्ट्यांवरचा तेलकट थर, शेगडीखालचं, हायचेअर, सगळं साबणाच्या पाण्यानं, फिनेल वगैरे नाही. मनीचं जेवण सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, मग वाटी उचलायची. पहिल्या दोन रात्री तिने आम्हाला झोपू दिलं नाही, तिसऱ्या रात्रीपासून समजली. भूक फारच लागली असेल तर मधे वाटी ठेवायची पण पाणी भरलेल्या ताटात, म्हणजे झुरळांना वाटीपर्यंत पोचणं अवघड जातं.

जेल लावायला तो शनिवारी आला, जेमतेम तासभराचं काम. इंजेक्शनसारखी ट्यूब गनमध्ये घालून मिऱ्याएवढे ठिपके, बिजागरीच्या खोबणीत, ट्रॉलीच्या चॅनेलच्या मागे, फ्रिजच्या मागच्या पत्र्याच्या कडेला, सिंकच्या पाईपच्या भोकाशी. साधारण सत्तर ठिपके झाले. काहीही वास नाही. किचनसाठी घर सोडायची गरज नव्हती, पण बाथरूमच्या नहाणीत आणि बाहेरच्या डक्टमध्ये तो थोडी फवारणी पण करणार होता, डेल्टामेथ्रिनची, म्हणजे पुन्हा तोच पायरेथ्रॉइड गट. म्हटलं तेवढ्यासाठी तरी आम्ही इथे थांबणार नाही, इरा आणि मनीला घेऊन सकाळीच दिंडोरीला गेलो. मनी पिंजऱ्यात पूर्ण रस्ता ओरडत. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे फिशटँक आहे आणि आमचा डक्ट एकच, त्यांना पण सांगितलं की टँक झाका आणि हवेचा पंप चार तास बंद ठेवा, कारण ही औषधं माशांना अगदी कणभर पुरतात आणि पंप बाहेरची हवा पाण्यात ओढतो. संध्याकाळी आलो, मी एकटी आधी वर गेले, खिडक्या उघडून तासभर पंखे लावले, बाथरूमची फरशी हाताने तपासली, पूर्ण सुकलेली, मग मधली फरशी दोनदा पाण्याने धुतली, नहाणीची जाळी सोडून. त्यानंतरच दोघी वर आल्या. फवारणीत घड्याळापेक्षा ओलं आहे का सुकलंय हे जास्त महत्त्वाचं. पावसाळी दमट हवेत सुकायला वेळ लागतो, मनीच्या वेळी नेमकं तेच झालेलं.

रात्री इरा झोपल्यावर मी एक उद्योग केला, गुडघ्यावर बसून, म्हणजे इराच्या उंचीला येऊन, टॉर्चने पूर्ण किचन फिरले. आणि सापडलं. खालच्या ट्रॉलीच्या दाराच्या बाहेरच्या कडेला एक ठिपका, आणि सिंकखालच्या कपाटाच्या पुढच्या पट्टीवर दोन. उभं राहून दिसतच नाहीत, पण इराच्या नाकासमोर. पोरगं चांगलं होतं, पण त्याच्या घरी लहान मूल नाही हे कळत होतं. तिन्ही टिश्यूने पुसले, साबणाच्या फडक्याने परत पुसलं, आणि त्याला फोटो पाठवला. त्याने सॉरी म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन ते आतल्या खोबणीत लावून दिले आणि खालच्या कपाटांना आम्ही चाइल्ड लॉक लावले.

तरी मनात धाकधूक होतीच, समजा एखादा ठिपका खाल्लाच तर? तेव्हा अण्णांनी फोनवर हिशोब मांडला. ठिपका ०.१ ग्रॅमचा धर, त्यातलं औषध २.१५ टक्के, म्हणजे जेमतेम दोन मिलीग्रॅम. मी व्हेटना विचारलं, तर ते म्हणाले आपण मनीच्या मानेवर पिसवांसाठी जे थेंब टाकतो त्यातही इमिडाक्लोप्रिडच आहे आणि तिच्या वजनाच्या मांजराच्या डोसमध्ये ४० मिलीग्रॅम असतं. अर्थात ते कातडीवर असतं, चाटता येणार नाही अशा जागी, म्हणून जेल खाल्लं तरी चालतं असं कुणी समजू नका. पण एका ठिपक्याने घाबरून जायचं कारण नाही. मेलेलं झुरळ मनीने खाल्लं तर? त्याच्या पोटातलं औषध याहून कितीतरी कमी, तरी रोज सकाळी ती उठायच्या आधी मी केरसुणी फिरवत होते. इराच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं, तोंडात गेलंच तर ओल्या फडक्याने तोंड पुसा, उलटी काढायला बोट घालू नका, आणि येताना लेबलचा फोटो घेऊन या, नाव आणि टक्के कळले की आमचं अर्धं काम होतं. तो फोटो मी प्रिंट काढून फ्रिजवर लावला.

आता आमची चूक. जेलचं औषध सावकाश काम करतं आणि ते मुद्दाम तसं असतं. झुरळाने खायचं, बिळात जायचं, तिथे मरायचं, मग त्याची विष्ठा आणि मढं बाकीच्यांनी खायचं आणि त्यांनीही मरायचं. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत झुरळं जास्त दिसतात, दिवसाढवळ्या, झिंगल्यासारखी, उलटी पडून पाय हलवणारी. हे त्याने सांगितलं होतं. मला. नवऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रात्री हा पाणी प्यायला उठला, ओट्यावर पाच-सहा दिसली, आणि याने माळ्यावरचा जुना स्प्रेचा डबा काढून ट्रॉल्यांच्या फटीत आणि फ्रिजखाली मनसोक्त मारला. सकाळी मला काही बोलला नाही. भरीला मावशींनी ओटा फिनेलने लख्ख केला.

आठव्या दिवशी ट्रॅप मोजले तर ७४. मी त्या मुलावर फोनवर चिडलेच, पैसे घेतले, दोन व्हिजिटचे चौदाशे, आणि हे काय? तो येऊन टॉर्चने ठिपके बघत बसला आणि मग मान वर करून म्हणाला, "ताई, स्प्रे कुणी मारला?" मी नवऱ्याकडे, नवरा पंख्याकडे. कसं ओळखलं विचारलं तर त्याने दोन ठिपके शेजारी शेजारी दाखवले. सिंकच्या पाईपजवळचा, जिथे स्प्रे गेला नव्हता, त्याच्या कडा कुरतडलेल्या, मधे खड्डा, बाजूला काळे ठिपके. आणि ट्रॉलीतला जसा लावला तसाच, गोल, वरून सुकून चकचकीत झालेला, एक चावा नाही. स्प्रेचं औषध झुरळांना झोंबतं, ती त्या जागेच्या आसपास फिरकत नाहीत आणि मग तिथलं जेलही वाया. वर ती पसरतात. आमची पसरून हॉलमध्ये सेट टॉप बॉक्समध्ये आणि वायफायच्या राउटरमध्ये गेलेली, तिथून काढून दाखवली त्याने. म्हणजे जी झुरळं किचनमध्ये होती ती आम्ही स्वतः इराच्या खेळायच्या जागेत पाठवली. आणि ज्या फवारणीच्या भीतीनं आम्ही दिंडोरी गाठली, तीच मांजराच्या घरात आमच्याच हातानं झाली. मनी त्या रात्री बेडरूममध्ये बंद होती हे आमचं नशीब.

जिथे जिथे स्प्रे मारलेला ते सगळं साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं, एक दिवस सुकू दिलं, आणि मग नवीन ठिपके, थोड्या वेगळ्या जागी, राउटरच्या मागे भिंतीला पण. यावेळचे चारशे वेगळे घेतले त्याने, आणि ते बरोबरच होतं. स्प्रेचा डबा नवऱ्याने स्वतः नेऊन टाकला. तो रेघा मारायचा खडू पण निघाला ड्रॉवरमधून, त्यातही हेच पायरेथ्रॉइड असतं आणि दिसायला अगदी शाळेचा खडू, इराच्या हाती लागला असता तर तिने तो चघळलाच असता. तो पण गेला.

त्यानंतर मात्र फरक दिसला. दहा दिवसांनी ट्रॅपमध्ये १२. मी खूश, म्हटलं आता दुसरी व्हिजिट नको, पैसे उरतील. तो म्हणाला, थांबा. आणि तिसऱ्या आठवड्यात आकडा वाढून १९, पण ही सगळी पिल्लं, मोहरीपेक्षा जरा मोठी, काळपट, पाठीवर फिकट पट्टा. त्याचं म्हणणं असं की मादी अंड्यांची पेटी पोटाला चिकटवूनच हिंडते, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी तपकिरी पेटी, एकात तीस-चाळीस अंडी. पेटीवर औषधाचा काही परिणाम होत नाही आणि तेवढे दिवस मादी फार खात पण नाही, म्हणून ती जेलला फसत नाही. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं निघतात. ती मोठी होऊन अंडी द्यायला साधारण दोन महिने लागतात, त्याच्या आत त्यांना ताजं जेल मिळालं तर खेळ संपला, नाहीतर परत शून्यापासून. पहिलं जेल तोपर्यंत सुकून कडक झालेलं असतं. म्हणजे दुसरी व्हिजिट ही कंपनीची वरची कमाई नाही, निम्मी ट्रीटमेंट तीच आहे.

दुसऱ्या वेळी वीस-पंचवीसच ठिपके लागले. इरा आजीच्या मांडीवर बसून सगळं बघत होती आणि प्रत्येक ठिपक्याला "टिक्की" म्हणत होती. मनीच्या वाटीचा नियम आम्ही चालू ठेवला, सिंक रात्री कोरडं करून झोपायचं, आणि किराण्याची खोकी दारातच रिकामी करून बाहेर. सहाव्या आठवड्यात ट्रॅपमध्ये २. आठव्यात एक पण नाही.

नवव्या आठवड्यात बाथरूमच्या ट्रॅपमध्ये एक भलंमोठं लाल सापडलं, माझा जीव परत खाली-वर. फोटो पाठवला. पाच मिनिटांत रिप्लाय, "ताई हा ड्रेनेजचा आहे, तुमचा नाही, नहाणीला बारीक जाळी बसवा." जाळी नवऱ्याने आणली आहे, बसवायची आहे, तीन आठवडे झाले. तोवर मी रात्री नहाणीच्या तोंडावर स्टीलची वाटी उलटी घालून त्यावर मग ठेवते, आणि मनी त्या मगासमोर बसून असते.